जूनच्या फीसाठी एसआयपी थांबते तेव्हा: एका घराचा वर्षभराचा हिशेब

नाशिकचं कुटुंब. वडील अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर, हातात ६१,००० रुपये येतात. आई औषधांच्या एका वितरकाकडे अर्धा दिवस हिशेब लिहिते, तिचे २३,०००. थोरली नववीत, धाकटा पाचवीत. घराचा हप्ता, किराणा, वीज, पेट्रोल, विमा आणि गावी आजी-आजोबांना पाठवायचे पैसे मिळून महिन्याला ५८,००० जातात. बचत १२,००० ची: ६,००० ची एसआयपी, थोरलीच्या सुकन्या खात्यात ३,००० आणि बँकेत ३,००० ची आरडी. एवढं सगळं झाल्यावर महिन्याला १४,००० उरतात. ते मुलांच्या शिक्षणासाठी आहेत असं दोघंही धरून चालले होते.

कागदावर हे ठीकच दिसतं. पण त्या वर्षी जून ते सप्टेंबर एसआयपी बंद राहिली आणि वर्षभर जमलेली आरडी नोव्हेंबरमध्ये मोडली. म्हणजे ६०,००० रुपयांची बचत गेली. जानेवारीत ते दोघं आणि हिशेब मांडून द्यायला मी, असे आम्ही बसलो तेव्हा वडिलांचं मत ठरलेलं होतं: "फीच परवडत नाहीत. काहीतरी बंद करायला लागणार." आईचं म्हणणं वेगळं होतं. दिवाळीचा बोनस येतो, चौदा हजार उरतात, मग पैसा जातो कुठे हेच तिला कळत नव्हतं. दोघांचंही थोडं थोडं खरं निघालं.

आधी वर्षाचा पूर्ण आकडा काढला. तोपर्यंत तो कुणी काढलाच नव्हता. फीचा विचार त्यांच्या डोक्यात महिन्यामहिन्याने चालायचा: नृत्याचे बाराशे, अबॅकसचे नऊशे, क्रिकेटचे पंधराशे, शिकवणीच्या बाईंचे हजार, व्हॅनवाल्या काकांचे तेराशे. बेरीज ५,९००. साध्या महिन्यात मुलांवर एवढाच खर्च होतो. १४,००० मधून तो गेला की ८,१०० हातात राहतात, आणि ज्या पैशाला नाव नसतं तो खर्च होतो. कधी हॉटेल, कधी ऑनलाइन मागवलेली चादर, कधी भाच्याचा वाढदिवस. यात उधळपट्टी म्हणावं असं काहीच नव्हतं.

मग जून उजाडतो. दोन्ही शाळांचा पहिला हप्ता ३४,०००, वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट, रेनकोट मिळून १४,००० आणि क्लासचा पहिला हप्ता २०,०००. एका महिन्यात ६८,०००. शाळेचा दुसरा हप्ता नोव्हेंबरमध्ये. क्लासचे पुढचे हप्ते सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये. वर्षभराच्या अशा एकरकमी देण्यांची बेरीज १,४६,२६० निघाली. दरमहाच्या फी वर्षाला ६६,२००. दोन्ही मिळून २,१२,४६०.

या मोठ्या आकड्यापुढे उपलब्ध काय होतं? चौदा हजार गुणिले बारा, म्हणजे १,६८,०००. शिवाय दिवाळीचा खर्च वजा जाता बोनसचे ३०,०००. एकूण १,९८,०००. खरी तूट फक्त १४,४६० रुपयांची होती. बचत मात्र ६०,००० ची गेली. मधले ४५,५४० रुपये फी जास्त असल्यामुळे गेले नव्हते. पैसा आला तेव्हा त्याला काम नव्हतं आणि काम आलं तेव्हा पैसा नव्हता, म्हणून ते गेले. माझ्या मते बहुतेक पगारदार घरांत हेच घडतं, आणि तिथे "कुठला क्लास बंद करायचा" ही चर्चा पहिली होते ते चुकीचं आहे. आधी तूट किती आणि वेळेचा घोळ किती, हे वेगळं करायला हवं.

तरी १४,४६० ची तूट होतीच, आणि पुढचं वर्ष थोरलीच्या दहावीचं. तेव्हा फीची यादी घेऊन चौघंही बसले. मुलांना बसवायचा आग्रह माझा होता, आणि त्याचा फायदा लगेच झाला. धाकट्याला अबॅकस कधीच आवडलं नव्हतं. आई-बाबांनी पैसे भरलेत म्हणून तो जात होता. फेब्रुवारीपासून ते थांबवलं आणि परीक्षा-पुस्तकांसह वर्षाला १२,००० सुटले. क्रिकेट त्याला हवंच होतं. तिथे वडिलांनी कोचना सरळ विचारलं: पावसात मैदान बंद असतं, त्या महिन्यांची फी का? जून ते ऑगस्ट नाव ठेवायचं पण फी नाही, असं ठरलं. विचारलं नसतं तर कुणी सांगितलं नसतं.

थोरलीचं भरतनाट्यम दहावीत बंद करायचं का यावर घरात बरीच खडाजंगी झाली. आजीचं मत, दहावी म्हणजे दहावी. मी खर्चाच्या बाजूने एवढंच सांगितलं की मान्यताप्राप्त संस्थेच्या शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, आणि ती त्या वाटेवर बरीच पुढे होती. शाळेत चौकशी करून नृत्य चालू ठेवलं.

सगळ्यात मोठा निर्णय क्लासचा. नववीत ती ज्या मोठ्या क्लासला जात होती तिथे फी सांगितली होती ४२,०००. पावतीवर आले ४९,५६०, कारण कोचिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो. शाळेच्या फीवर तो नसतो, म्हणून पालकांच्या लक्षात येत नाही. दहावीसाठी त्याच क्लासने ५२,००० सांगितले. करासह ६१,३६०. एप्रिलमध्ये एकरकमी भरले तर दहा टक्के सूट, म्हणजे ५५,२२४.

ही सूट फसवी नाही, आणि ती नाकारण्याआधी तिची किंमत समजून घ्यावी. जे पैसे आठ महिन्यांत हप्त्याहप्त्याने द्यायचे ते सुरुवातीला दिले की सरासरी चारेक महिने आधी दिल्यासारखं होतं. चार महिन्यांसाठी दहा टक्के कुठलीही बँक देणार नाही. ज्याच्याकडे पैसे पडून आहेत त्याने घ्यायला हरकत नाही. या घराला मात्र त्यासाठी पुन्हा एसआयपी थांबवावी लागली असती. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पूर्ण फी भरली की क्लास सोडण्याची मोकळीक जाते. शिक्षक मध्येच बदलले, मुलीला तिथलं शिकवणं झेपलं नाही, तरी पैसे अडकलेले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं आहे. पण त्याच सूचनांत सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असंही म्हटलेलं आहे, यावरून अंमलबजावणीचा अंदाज यावा. त्यामुळे परताव्याची अट प्रवेश अर्जावर लिहून घ्यायची. क्लास ती लिहून देत नसेल तर हप्त्यानेच भरायचं.

तिथे आणखी एक पर्याय पुढे केला गेला: बिनव्याजी मासिक हप्ता. ऐकायला क्लासचाच हप्ता वाटतो, पण बहुतेक वेळा ते वित्त कंपनीचं कर्ज असतं आणि पालकाच्या नावावर चढतं. कंपनी क्लासला पैसे देऊन मोकळी होते. मुलीने क्लास सोडला तरी हप्ते चालूच, आणि चुकवले तर पालकाचा सिबिल बिघडतो. फॉर्मवर पॅन, आधार आणि बँकेच्या ऑटो-डेबिटची सही मागितली की ते कर्ज आहे असं समजावं. वडिलांनी फॉर्म हातात घेतला आणि परत दिला.

थोरलीला विचारलं, अडतं कुठे? गणित आणि विज्ञान. भाषा आणि सामाजिक शास्त्रं ती घरीच करत होती. दोन गल्ल्या सोडून एक सर फक्त हे दोन विषय घेतात, फी २२,०००, तीन हप्ते. त्यांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने जीएसटी नाही. सगळ्या विषयांचं पॅकेज घ्यायची सवय लागली की आपण न लागणाऱ्या चार विषयांचे पैसे भरत असतो, हे इथे दिसलं. मोठ्या क्लासची चाचणी परीक्षांची शिस्त छोट्या क्लासला नसते, हेही खरं. ती उणीव पुढे डिसेंबरमध्ये जाणवली.

करबचतीची आशा वडिलांना होती. ती लवकर संपली. जुन्या करप्रणालीत दोन मुलांची शाळेची फी वजावटीत धरता येते, पण तीही फक्त ट्यूशन फी म्हणून पावतीवर असलेली रक्कम. क्लास, नृत्य, बस काही नाही. वडील नव्या प्रणालीत आहेत आणि तिथे ही वजावटच नाही. म्हणून हिशेबात कराचा एक रुपयाही धरला नाही.

नव्या वर्षाची यादी अशी उभी राहिली. दोन्ही शाळा ७२,०००, क्लास २२,०००, नृत्य आणि कार्यक्रमाचा पोशाख १७,९००, शिकवणी १०,०००, क्रिकेट आणि साहित्य १६,५००, व्हॅन १४,०००, पुस्तकं-गणवेश १२,०००, बोर्डाची फी, सहल, स्नेहसंमेलन असं किरकोळ ६,०००. एकूण १,७०,४००. त्यावर ९,६०० अनपेक्षित खर्चासाठी ठेवले. म्हणजे १,८०,०००. महिन्याच्या १४,००० मधून १,६८,००० येतात, उरलेले १२,००० बोनसमधून. बचतीच्या १२,००० ला हात नाही. पगारवाढ मुद्दाम धरली नाही, कारण किराणाही वाढतो.

इथे बरेच जण थांबतात. वर्षाची बेरीज जुळली म्हणजे काम झालं असं वाटतं. पण जूनमध्ये खात्यात चौदा हजार येणार आणि जाणार ५९,६००. म्हणून महिन्यावार शिल्लक काढावी लागते. शून्यापासून सुरुवात करून दर महिन्याला १४,००० आणि ऑक्टोबरमध्ये बोनसचे १२,००० जमा करायचे, त्या महिन्याची देणी वजा करायची आणि सगळ्यात खोल खड्डा कुठे पडतो ते बघायचं. या घरात तो जूनमध्येच होता: उणे ४५,६००. दुसरा डिसेंबरमध्ये, शाळेचा दुसरा हप्ता आणि क्लासचा तिसरा पाठोपाठ आल्यामुळे: उणे ३६,७००. मेअखेर शिल्लक पुन्हा शून्याच्या वर, ९,६००.

याचा अर्थ साधा आहे. जूनच्या एक तारखेला खात्यात सुमारे ४६,००० असले तर वर्षात कधीच कमी पडत नाही, आणि ते पैसे वर्षाअखेर पुन्हा जागेवर येतात. ही रक्कम एकदाच उभी करायची असते, शेतकरी बियाणं राखून ठेवतो तशी. दरवर्षी बचत मोडत होती ती या एका रकमेच्या अभावी. आणि ती उभी करायला जानेवारी ते मे हे पाच महिने मिळतात, कारण तेव्हा मोठी देणी नसतात, आणि एप्रिल-मेमध्ये व्हॅन व शिकवणीही बंद असते.

त्यांनी वेगळं बचत खातं उघडलं. त्याचं कार्ड घेतलं नाही, फोनवरच्या पेमेंट ॲपला ते जोडलं नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी १४,००० आपोआप तिकडे जातात आणि मुलांची प्रत्येक फी, अगदी व्हॅनची सुद्धा, तिथूनच जाते. आईने विचारलं, यासाठी आरडी का नको? कारण या खात्यातून दर महिन्याला काढावं लागतं, आणि पोस्टाची आरडी तर पाच वर्षांची असते. फीचा पैसा बाराच महिने फिरतो. त्यावर थोडं जास्त व्याज मिळवण्यापेक्षा तो दिसेनासा ठेवणं जास्त उपयोगी. ज्यांना पाच महिने मिळत नाहीत त्यांनी भिशीत जूनचा नंबर मागून घ्यावा. चिठ्ठीच्या भरवशावर मात्र राहू नये.

जानेवारी ते मे ४६,७०० जमायला हवे होते. एप्रिलमध्ये फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला आणि ५,००० त्यात गेले. ४१,७०० वर जून आला, म्हणजे चार हजार कमी. एसआयपीकडे बोट गेलंच होतं. त्याऐवजी आई थोरलीच्या शाळेत गेली आणि मे महिन्यातच अर्ज दिला: पहिल्या हप्त्याच्या १९,००० पैकी १०,००० जूनमध्ये आणि ९,००० जुलैत भरू. शाळेने मान्य केलं. वेळ येण्याआधी तारखेसह लिहून मागितलं की शाळा बहुधा ऐकतात. तारीख उलटल्यावर गेलं की दंडाची भाषा सुरू होते.

वर्षभरात खात्याची शिल्लक अशी राहिली:

| महिनाअखेर | शिल्लक (रुपये) |
|---|---|
| जून | ५,१०० |
| जुलै | ६,५०० |
| ऑगस्ट | १६,९०० |
| सप्टेंबर | १५,८०० |
| ऑक्टोबर (बोनससह) | ३६,७०० |
| नोव्हेंबर | ९,६०० |
| डिसेंबर | ५०० |
| जानेवारी | ६,४०० |
| फेब्रुवारी | १५,३०० |
| मार्च | २४,२०० |

दोन ठिकाणी लक्ष द्यावं. ऑक्टोबरअखेर ३६,७०० दिसतात तेव्हा खातं भरलेलं वाटतं. वडिलांनी तेव्हा विचारलंच होतं की यातून दिवाळीत नवा टीव्ही बसेल का. पण नोव्हेंबरच्या ४१,१०० ची देणी तिथे आधीच वाट बघत होती. अशा खात्यात आजची शिल्लक बघून काही कळत नाही, पुढच्या दोन महिन्यांची देणी वजा केल्यावर काय उरतं ते बघायचं. म्हणून त्यांनी यादीची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

दुसरं ठिकाण डिसेंबरचं. सरांकडे सराव परीक्षा पुरेशा होत नव्हत्या, म्हणून थोरलीला बाहेरची सराव-परीक्षा मालिका लावली, ४,५०० रुपये. ते अनपेक्षित खर्चाच्या ९,६०० मधून गेले आणि शिल्लक पाचशेवर आली. ती रक्कम आधी बाजूला ठेवली नसती तर याच महिन्यात आरडी पुन्हा मोडली असती. मी तर म्हणेन दहावी-बारावीच्या वर्षी पाच-सहा टक्के कमीच, आठ-दहा ठेवावेत. क्रॅश कोर्स, नोट्स, ऐनवेळचे फॉर्म हे सगळं डिसेंबरनंतरच येतं.

एसआयपी एकदाही थांबली नाही. आरडी चालू आहे. मेअखेर खात्यात ४६,८०० असतील आणि येत्या जूनला लागणारी रक्कम तयार आहे.

आता प्रश्न अकरावीचा, आणि तो सुटलेला नाही. थोरलीला इंजिनिअरिंगला जायचं आहे. तिला आवडलेल्या क्लासची दोन वर्षांची फी करासह १,४०,०००, म्हणजे वर्षाला ७०,०००. घराने क्लासकडे जाण्याआधी आपली मर्यादा काढली. दहावीच्या क्लासचे २२,००० मोकळे होतात. वडिलांची एप्रिलची वाढ महिन्याला ३,२०० आहे, त्यातली निम्मी, म्हणजे वर्षाला १९,२००. एकूण ४१,२००. यापुढे जाणारा प्रत्येक रुपया बचतीतून येईल.

पण एक मोठी रक्कम अजून अधांतरी आहे. तिच्या शाळेचे ३८,००० दरवर्षी जात होते. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात अनुदानित कनिष्ठ महाविद्यालय मिळालं तर तिथली फी काही हजारांत असते. मग तीसेक हजार सुटतात आणि सत्तर हजारांचा क्लास बसतो. विनाअनुदानित तुकडी मिळाली तर बसत नाही. क्लासवाले मात्र पैसे आत्ताच मागत आहेत, निकाल आणि प्रवेश यादीच्या आधी. शिवाय त्यांनी स्वतःशी जोडलेलं एक कॉलेजही सुचवलंय, जिथे हजेरीची काळजी नसते पण फी स्वयंअर्थसहाय्यित दराने असते. ते घेतलं की अनुदानित कॉलेजमधून सुटणारे पैसे तिथेच संपतात, आणि क्लासची फी वेगळी राहतेच.

सध्या त्यांनी क्लासला दोन गोष्टी लेखी विचारल्या आहेत: नोंदणीपुरती रक्कम घेऊन बाकीचे हप्ते प्रवेश यादीनंतर सुरू होतील का, आणि यादीनंतर नाव काढलं तर नोंदणीची रक्कम किती परत मिळेल. क्लासच्या प्रवेश-चाचणीत चांगले गुण मिळाले तर फीत सवलत आहे, त्या चाचणीला थोरली पुढच्या रविवारी बसतेय. दोन्ही उत्तरं नकारार्थी आली तर यादी लागेपर्यंत थांबायचं आणि तोवर सरांकडेच अकरावीचं गणित सुरू करायचं, असं घरात ठरलं आहे. सरांनी त्यासाठी महिन्याला हजार रुपये सांगितले आहेत, आणि ते फीच्या खात्यात बसतात.